प्लॉटच्या कोपऱ्यापुढे "± 2 सेंमी" का लिहिलं

"± 2 सेंमी लिहून तुम्ही ग्राहकासमोर हात झटकलेत. मशीन स्क्रीनवर 8 मिलिमीटर दाखवतं, मग मोजणीच्या पत्रात दोन सेंटिमीटर का? आणि तिसऱ्या कोपऱ्याला तर चक्क 4! जमिनीला सोन्याचा भाव आहे, साहेब."

दादा, ते 8 मिलिमीटर म्हणजे रोव्हरने, पोलावर धरून उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा मोजणाऱ्या यंत्राने, स्वतःच्या मापाविषयी केलेला अंदाज. सिग्नलचं गणित किती जुळलं, एवढंच त्याला दिसतं. दोन मीटरचा पोल अर्धा अंश कलला, की वरचा अँटेना सतरा मिलिमीटर सरकतो, हे आमच्या रोव्हरला कळत नाही. म्हणून सकाळी मोजलेले चारही कोपरे मी दुपारी बेस, म्हणजे रोव्हरला दुरुस्ती पाठवणारं एका जागी ठेवलेलं यंत्र, नव्याने लावून परत मोजले. पहिला, दुसरा आणि चौथा कोपरा 9 ते 14 मिलिमीटरने वेगळा आला. ± 2 सेंमी हा आकडा तिथून आला. शंभर वेळा मोजलं तर साधारण पंच्याण्णव वेळा माप त्याच्या आत राहील, असा त्याचा अर्थ.

तिसऱ्या कोपऱ्याला शेजाऱ्यांची पत्र्याची शेड लागून आहे. सकाळी स्क्रीनवर FIXED, म्हणजे गणित पक्कं जुळल्याचा शेरा, दुपारीही FIXED, आणि दोन मापांत फरक 58 मिलिमीटर! सिग्नल पत्र्यावर आपटून लांबच्या वाटेने येतो, त्यामुळे जागा चुकते. लगेच दहा वेळा मोजलं तरी तीच चूक दहा वेळा येते आणि मापं छान जुळल्यासारखी वाटतात. उपग्रह जागा बदलेपर्यंत दोन-तीन तास थांबलं, तरच ती उघडी पडते. ती दोन्ही मापं मी टाकून दिली. मोकळ्यात दोन खिळे ठोकून त्यांची जागा रोव्हरने घेतली आणि तिथून टोटल स्टेशनने, म्हणजे उपग्रहांशिवाय कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने, तो कोपरा मोजला.

तरीही 4 सेंमी लिहिले, ते त्या कोपऱ्यावरच्या हद्दीच्या दगडामुळे. त्याचा माथा हातभर नसला तरी पंधरा सेंमी रुंद आहे, एक कड फुटलेली, वरची फुली अर्धी झिजलेली. मी अंदाजाने मध्य धरला. दोन्ही मालकांनी उभं राहून फुलीची जागा मान्य केली, तर तिथेही मी ± 2 लिहीन. हे पत्रात आहेच.

आता जमिनीचं. प्लॉट 20 बाय 30 मीटरचा, म्हणजे 600 चौरस मीटर. चारही कोपरे एकदम आत सरकले असते तर अडीच चौरस मीटर गेले असते. पण एक आत, एक बाहेर, असं होत असल्याने चुका एकमेकींना बऱ्याच खातात. क्षेत्रफळातली चूक हिशेबाने एका चौरस मीटरच्या आत बसते.

मात्र तो दगड मूळ जागेवरच आहे का, हे माझ्या ± मध्ये येत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून हद्द कायम मोजणीच करून घ्यावी लागते, आणि ग्राहकाला मी तसा अर्ज करायला सांगितलं आहे.