तुमचा वीघा किती गुंठ्यांचा?

आमच्या घरात सगळं मराठीत चालतं, फक्त शेताचं बोलणं गुजरातीत. पादऱ्याच्या बाजूला आजोबांच्या वेळचा जमिनीचा एक तुकडा आहे, तो आता विकायचा ठरलाय. भागीदार तीन चुलत भावंडं: मी इथे वडोदऱ्यात, बाळू वीस-बावीस वर्षं राजकोटला आणि वैजू पुण्याला. "पाच वीघा जमीन आहे" हे वाक्य आम्ही तिघांनी लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे पाच म्हणजे किती, हे कुणी कुणाला कधी विचारलंच नाही.

गेल्या महिन्यात दलालभाई भाव घेऊन आले: वीघ्याला 40 लाख. मी फॅमिली ग्रुपवर टाकलं. पाचव्या मिनिटाला बाळूचं उत्तर, "घेऊन टाक ताई. आमच्या बाजूला परवाच एका ओळखीच्यांची 30 लाख वीघ्याने गेली. तुला 40 देतोय, अजून काय हवं?"

वैजूने मात्र आधी फोनवर कुठल्याशा कन्व्हर्टरमध्ये 5 बिघे टाकले. उत्तर आलं 3.1 एकर, म्हणजे 124 गुंठे. मग तिने मी पाठवलेल्या सातबाराच्या फोटोवरून हिशेब केला, तो आला 117.5 गुंठे. रात्री साडेदहाला तिचा फोन. "ताई, साडेसहा गुंठे कुठे गेले? शेजाऱ्याने बांध सरकवला का गं?"

बांध जागच्या जागी होता. सरकला होता तो बिघा.

बँकेत उभी हयात काढूनही हे मला नीट माहीत नव्हतं, हे आधी कबूल करते. गुंठ्याचं काही भांडण नाही. ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. 33 बाय 33 फुटांचा चौरस म्हणजे एक गुंठा, 1,089 चौरस फूट, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. पुण्याचा गुंठा आणि पादऱ्याचा गुंठा एकच, कारण दोन्ही त्याच साखळीने बांधलेले. वीघा या साखळीच्या आधीचा. ज्या त्या संस्थानाची काठी वेगळी, म्हणून वीघाही वेगळा. वडोदऱ्याकडे वीघा साधारण साडेतेवीस गुंठ्यांचा धरतात, 2,378 चौरस मीटरच्या आसपास. सौराष्ट्रात, म्हणजे बाळूच्या राजकोटकडे, तो 16 गुंठ्यांचा. दोन्हीकडे वीघ्याचे भाग, म्हणजे वसे, वीसच, त्यामुळे ऐकताना संशयही येत नाही. इंदूरला माझ्या आत्याकडे तर चार बिघ्यांचा हेक्टर म्हणतात, तो आणखी तिसराच. वैजूच्या कन्व्हर्टरने कुठल्या जिल्ह्याचा बिघा धरला होता ते त्यालाच ठाऊक. जिल्हा त्याने विचारलाच नव्हता.

आता बाळूचा हिशेब बघा. त्याच्याकडचे 30 लाख 16 गुंठ्यांचे, म्हणजे गुंठ्याला 1 लाख 87 हजार 500. आमचे 40 लाख साडेतेवीस गुंठ्यांचे, म्हणजे गुंठ्याला साधारण 1 लाख 70 हजार. जो भाव त्याला दहा लाखांनी चढा वाटत होता, तो त्याच्याच मापाने गुंठ्यामागे सतरा हजारांहून जास्त उतरता होता. (राजकोटच्या भावाशी पादऱ्याची तुलना करायचीच कशाला, हा प्रश्न वेगळा. पण घरात अशाच तुलना होतात आणि त्यावरच होकार जातात.)

याहून घोटाळ्याची गोष्ट पुढे कळली. घेणारे मूळचे सौराष्ट्रातल्या अमरेलीकडचे. मी दलालभाईंना सरळ विचारलं, "भाई, तमारो वीघो केटला गुंठानो?" ते हसले, म्हणाले आपला इथलाच. घेणाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले सोळाचा. म्हणजे आम्ही 5 वीघे गुणिले 40, दोन कोटी धरून बसलो होतो. त्यांच्या सोळाच्या वीघ्याने तीच जमीन 7.34 वीघे भरते, आणि 40 लाखांच्या दराने होतात 2 कोटी 94 लाख. त्यांना अर्थातच तेवढे द्यायचे नव्हते. "पाच वीघा" ऐकून ते 80 गुंठ्यांची जमीन समजत होते आणि त्याचे दोन कोटी द्यायला तयार होते. एकूण आकडा दोघांचा एकच, दोन कोटी, म्हणून बोलणी कुठे अडलीच नव्हती. पुढे जाऊन अडली असती ती मोजणीच्या दिवशी, नाहीतर उरलेले साडेसदतीस गुंठे कुणाचे यावर.

तेव्हा मी आधी कागद काढला. गुजरात सरकारच्या AnyRoR साइटवरच्या उताऱ्यात क्षेत्र आहे 1-18-88. हे हेक्टर, आर, चौरस मीटर असं वाचायचं: एक हेक्टर, 18 आर, 88 चौरस मीटर, म्हणजे 11,888 चौरस मीटर. काकांच्या ट्रंकेतल्या जुन्या उताऱ्यावर शाईने लिहिलेलं होतं 2-37-8. ते एकर, गुंठे, आणे. दोन एकरांचे 80 गुंठे, त्यात 37, आणि आठ आणे म्हणजे अर्धा गुंठा. झाले 117.5. दोन कागद, दोन काळ, मापं वेगळी, आणि बेरीज तंतोतंत जुळली. खरं सांगते, त्या आठ आण्यांवर बोट ठेवलं तेव्हा मला आजोबा आठवले. इथे चूक होते ती नवा आकडा जुन्या पद्धतीने वाचण्यात. 1-18 हे एक एकर 18 गुंठे समजलात तर अर्धी जमीन कागदावरच गेली.

वीघा कुठेही लिहिलेला नाही, ना जुन्या उताऱ्यात, ना नव्या. तो फक्त तोंडात आहे. जंत्री, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, तीसुद्धा चौरस मीटरची. म्हणून मी भाव चौरस मीटरवर आणला: दोन कोटी भागिले 11,888, साधारण 1,682 रुपये. आता तो जंत्रीशी लावता येतो आणि शेजारच्या गावातल्या दस्तावेजांशीही, कारण तिथेही क्षेत्र चौरस मीटरमध्येच असतं.

बोलणी पुन्हा पहिल्यापासून केली, या वेळी गुंठ्याने. घेणाऱ्यांना जमीन वाटली होती त्यापेक्षा मोठी निघाली, पण भाव त्यांच्या अंदाजाहून खूपच खाली बसत होता, त्यामुळे ते मागे हटले नाहीत. गुंठ्याला 1 लाख 85 हजारांवर जुळलं. 117.5 ने गुणून 2 कोटी 17 लाख 37 हजार 500. वकिलांच्या बानाखताच्या, म्हणजे विक्रीच्या कराराच्या, मसुद्यात सवयीने "आशरे पाच वीघा" आलं होतं. ते मी काट मारून काढायला लावलं. सर्व्हे नंबर, 11,888 चौरस मीटर आणि एकूण रक्कम, एवढंच राहिलं.

ग्रुपवर ही बातमी टाकली. वैजूने अंगठा दिला. बाळूने लगेच विचारलं, "छान! पण ताई, आपल्या वीघ्याने किती पडले?"

वैजूने लिहिलं, "कोणाच्या आपल्या?"