पंच्याहत्तरीच्या व्हिडिओतली फोटोखालची ओळ

आईवडिलांच्या साठीला, पंच्याहत्तरीला फोटोंचा व्हिडिओ आता घरोघरी होतो. फोटो आणि गाणी निवडण्यात आठवडे जातात, फोटोखालच्या ओळी मात्र आदल्या रात्री उरकल्या जातात. मग 'प्रेमळ आई', 'सोनेरी क्षण' असलं काहीतरी येतं. माझं ठाम मत आहे की त्या ओळीत विशेषण नकोच. फोटोत जे दिसत नाही, ते तिथे लिहावं.

आमच्या आईचा स्टुडिओतला एक कृष्णधवल फोटो आहे. मागे बागेचं चित्र असलेला पडदा, हात फुलदाणीवर. भावाने लिहिलं, 'तरुणपणीची सुंदर आई'. अरे, ते तर समोर दिसतंच आहे! व्हिडिओ आईपासून लपवायचा होता, म्हणून मावशीला विचारलं. ती म्हणाली, "अगं, तो स्थळांना दाखवायला काढलेला. साडी माझी आहे, तिच्याकडे जरीची कुठे होती!" फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का आणि साल होतं. शेवटी ओळ झाली: 'स्थळांना दाखवायचा फोटो, १९७३. साडी मावशीची.' साडीचं चारचौघांत सांगू का, हे मावशीला आधी विचारून घेतलं. हे विचारायलाच हवं. आजारपण, उसनवारी, मोडलेली नाती घरात ठाऊक असली तरी सभागृहात सगळ्यांपुढे येऊ नयेत.

लांबीचं गणित सोपं आहे. एक फोटो साधारण पाच सेकंद दिसतो. अक्षरं दिसली की डोळे आधी तिकडेच जातात आणि चेहरा बघायचा राहतो. म्हणून ओळ सहा-सात शब्दांची ठेवावी आणि फोटो आल्यानंतर सेकंदभराने आणावी. ती संथपणे मोठ्याने वाचून बघा. वाचून होईपर्यंत फोटो बदलत असेल तर शब्द कमी करा, नाहीतर फोटोला वेळ वाढवून द्या. लग्नाच्या गर्दीच्या फोटोत बारा जणांची नावं लिहू नयेत, कोणीच वाचत नाही. तिथे आठ सेकंद द्यावेत आणि एकाच माणसाकडे बोट दाखवावं: 'उजवीकडून दुसरी, फ्रॉकमधली, आत्या.' आणि सलग चार-पाच फोटोंनंतर एखादा बिनओळीचा सोडावा. आजोबांच्या मांडीवरच्या आईच्या फोटोखाली आम्ही काहीच लिहिलं नाही.

आता अक्षरांबद्दल. बारीक वळणाचा फॉन्ट प्रोजेक्टरवर पुसट होतो आणि वेलांट्या, रफार दिसेनासे होतात, म्हणून जाड, साधा फॉन्ट घ्या. काही ॲपमध्ये जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. त्यामुळे तयार झालेला व्हिडिओ पुन्हा पाहावाच लागतो. पांढऱ्या अक्षरांमागे फिकट काळी पट्टी द्या, नाहीतर पांढऱ्या धोतरावर ती हरवतात. ओळ पडद्याच्या अगदी तळाशी नको, पुढच्या रांगेतली डोकी आड येतात. जमलं तर कार्यक्रमाआधी सभागृहात व्हिडिओ लावून घरातल्या एखाद्या ज्येष्ठाला मागच्या खुर्चीवरून वाचायला सांगा. त्यांना जी ओळ अडली, ती अजून छोटी करा.