टिकाऊ, मजबूत आणि शेतकऱ्यांचा विश्वासू साथीदार

परवा एक तरुण गिऱ्हाईक दुकानात आलं. 16 लिटरचा बॅटरी फवारणी पंप पाठीला लावून बघितला, पट्टे खालीवर केले, नळी दाबून बघितली, माझा चहा प्यायला आणि माझ्याच वायफायवर तोच पंप दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानदाराकडून मागवला. माझ्यासमोर. वर मला मोबाईल दाखवून म्हणतो, "काका, तुमच्या साइटवर आणि त्यांच्या साइटवर अक्षर न् अक्षर सारखंच लिहिलंय. मग 60 रुपये जास्त कशाला द्यायचे?"

चहाचे 10 रुपये मी अजून विसरलेलो नाही.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हाच तर खरा त्रास. सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आमचं शेती अवजारांचं दुकान. साइट भाच्यानं करून दिली. मालाचं वर्णन कंपनीच्या एक्सेल शीटमधून आलं, आणि शीटबरोबर कंपनीची तंबी आली, की मजकूर हेड ऑफिसातून पास झालेला आहे, त्यात काना-मात्रेचाही फरक करायचा नाही. म्हणजे महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या डीलरांच्या साइटवर एकच परिच्छेद: 'टिकाऊ, मजबूत आणि शेतकऱ्यांचा विश्वासू साथीदार. आधुनिक तंत्रज्ञानाने युक्त, वापरण्यास अत्यंत सुलभ.' हेच वाक्य त्यांच्या कडबा कुट्टी मशीनलाही आहे आणि ताडपत्रीलाही. ताडपत्रीत कुठलं आधुनिक तंत्रज्ञान भरलंय ते हेड ऑफिसलाच माहीत.

त्या रात्री भाच्याला बसवला. त्यानं वर्णनातलं पहिलं वाक्य दुहेरी अवतरण चिन्हांत घालून सर्चमध्ये टाकलं. असं केलं की तंतोतंत तेच वाक्य असलेली पानं मिळतात. दोन-तीन मोठी दुकानं आली, आणि खाली बारीक अक्षरांत एक टीप, की याच्याशी मिळतेजुळते बाकीचे निकाल वगळले आहेत, बघायचे असतील तर इथे दाबा. दाबलं. त्या वगळलेल्या गर्दीत आम्ही.

"मामा, ही शिक्षा नाही," भाचा म्हणाला. "नक्कल आहे म्हणून वेगळा दंड वगैरे नसतो, हे गुगलनं 2008 लाच लिहून ठेवलंय. पण दहा पानांवर एकच मजकूर असला तर दहाही दाखवून वाचणाऱ्याचा काय फायदा? म्हणून एकदोन दाखवतात, बाकीची झाकतात."

"मग आपलंच का झाकलं?"

"मजकूर सारखा म्हटल्यावर निवड बाकीच्या गोष्टींवर होते. बाहेरून किती जण साइटचा दुवा देतात, लोक तिला किती ओळखतात."

म्हणजे शिक्षा नाही, फक्त आपण दिसायचं नाही. आमच्या सोसायटीच्या कर्जमाफीच्या यादीसारखंच हे. नाव कापलेलं नसतं, नुसतं छापलेलं नसतं.

एका डीलर मित्रानं यावर आधीच इलाज केला होता. त्याच्या पानावर पंप 'दणकट, भक्कम आणि बळीराजाचा भरवशाचा सोबती' झाला होता. शब्द बदलले, पण माहिती तेवढीच, म्हणजे शून्य. त्याचं पान आमच्याही खाली होतं. तो तरी बिचारा कोशात बघून लिहीत होता.

आता आण्णा.

आण्णा दिग्रजकडचे. एकरभर द्राक्षबाग, थोडा ऊस, थोडी हळद. खरेदी म्हणाल तर एक वॉशर, फार तर नोझलची जाळी. बैठक मात्र दोन तासांची. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवर नवीन वर्णन लिहायच्या खटपटीत, आणि आण्णा खुर्ची ओढून माझ्या खांद्यावरून बघालेत.

"काय करालाईस?"

"पंपाचं वर्णन लिहितोय आण्णा."

"वाच की."

वाचलं. आण्णांनी वॉशर खिशात ठेवला. "हे कुणी लिहिलं?"

"कंपनीनं."

"त्यानं कधी फवारलंय काय?"

"असं कसं सांगता येईल?"

"मी सांगतो. न्हाई फवारलं. आता मी गिऱ्हाईक, तू दुकानदार. बोर्डो चालतंय काय ह्यात?"

बोर्डो म्हणजे बुरशीवर मारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण. हा प्रश्न मला आठवड्यातून चार जण विचारतात. कंपनीच्या शीटमध्ये त्याला रकाना नाही. मी सवयीनं उत्तर दिलं, की चालतं, पण फडक्यातून गाळून घाला, नाहीतर चुन्याची कणी जाळीत बसते, धार तुटते आणि मोटार उगाच घरघरत राहते. काम झालं की साधं पाणी भरून दोन मिनिटं चालवा.

"लिव्ह ते."

"आण्णा, हे वर्णन आहे, कृषी विभागाचं पत्रक नाही."

"लिव्ह म्हणतोय न्हवं! एका टाकीला मोरचूद किती?"

एक टक्का बोर्डो म्हणजे 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना. 16 लिटरच्या टाकीला दोन्ही 160 ग्रॅम. मिश्रण प्लॅस्टिकच्या बादलीत करायचं, लोखंडी भांड्यात नाही, आणि त्याच दिवशी संपवायचं. घासलेला विळा बुडवून बघायचा. तांबूस चढला तर चुना कमी पडला. हे मी आण्णांना सांगत नव्हतो, तेच मला सांगत होते, आणि मी टाइप करत होतो. मध्ये एक गिऱ्हाईक तणनाशकाचं नोझल मागायला आलं, त्याला आण्णांनीच थांबवलं. "थांब जरा, कामात हाय त्यो." ते गिऱ्हाईक थांबलं नाही. हे नुकसान आण्णांच्या खात्यावर लिहायला हवं होतं.

"आता बॅटरी. कंपनी काय म्हणती?"

"एका चार्जमध्ये 20 टाक्या."

आण्णांनी डोळे मिटले. "एक टाकी फवाराय मला आठ मिंटं लागत्यात. ईस टाक्या म्हंजे एकशेसाठ मिंटं. नवी असताना व्हतंय. दोन हंगाम झाल्यावर?"

दोन हंगामांनी होत नाही, ते मलाही माहीत आहे. बॅटरी 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवरची. मोटार साधारण दोन-अडीच अँपिअर ओढते, म्हणजे कागदावर तीन-चार तास, शेतात त्याहून कमी. सोबतचा चार्जर 1.7 अँपिअरचा, त्यामुळे पूर्ण रिकामी बॅटरी भरायला सहा तास धरावेत. आणि लोक हंगाम संपला की पंप रिकाम्या बॅटरीसकट माळ्यावर टाकतात. शिसं-आम्लाची बॅटरी तशी महिनोन् महिने पडली की आतल्या पट्ट्यांवर थर धरतो, मग ती चार्ज झाल्यासारखी दाखवते आणि दोन टाक्यांत बसते. त्यानंतर तिला घेऊन लोक माझ्या काउंटरवर येतात आणि ज्या भाषेत बोलतात ती कुठल्याच वर्णनात टाकता येणार नाही. महिन्यातून एकदा चार्ज करा, एवढं एक वाक्य हेड ऑफिसला जड झालं होतं.

"वजन लिव्हलंस?"

"6 किलो."

"रिकाम्याचं! रिकामा पंप घिऊन कोण हिंडतंय बागंत? 16 लिटर पाणी म्हंजे 16 किलो. 22 किलो लिव्ह. माझ्यासारख्यानं 20 टाक्या माराय जावं आणि तिथंच पडावं व्हय?"

मग आण्णांचा फोटो. म्हणजे पंपाचाच, पण पट्टा धरायला त्यांचा हात घेतला, कारण कंपनीचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटोही सगळ्या डीलरांकडे तोच. आण्णांनी त्यासाठी घड्याळ मनगटावर वर सरकवलं. जाळी, नोझल आणि बॅटरीच्या वायरीचं टोक यांचेही जवळून फोटो घेतले, कारण विचारणा येते ती नेमकी त्यांचीच. जाताना वॉशरचे 5 रुपये द्यायचे राहिले.

पानाची नवी सुरुवात अशी झाली: '16 लिटरचा बॅटरी पंप, भरल्यावर 22 किलो. एकरभर बागेला पुरतो. त्याहून मोठ्या बागेला ब्लोअरच बघा. बोर्डो गाळून घातलं तर चालतं.' मॉडेल नंबर, व्होल्ट, लिटर यांचा तक्ता जसाच्या तसा ठेवला, कारण ती वस्तुस्थिती आहे; तिथे वेगळेपणा करायला गेलो तर 16 चे 17 लिटर होतील. शीर्षकात मॉडेल नंबरच्या पुढे 'बोर्डोसाठी चालणारा' घातलं. सांगलीतच वॉशर आणि जाळी मिळते, तेही लिहिलं. भाच्यानं गुगलच्या Search Console मध्ये URL Inspection उघडून Request Indexing दाबलं, म्हणजे पान पुन्हा वाचा अशी गुगलला विनंती. "आता थांबायचं," म्हणाला.

थांबलो. हा काळ फार वाईट जातो. गिऱ्हाईकाला डिलिव्हरी चोवीस तासांत पाहिजे, आणि आपण मात्र एक पान पुन्हा वाचलं जावं म्हणून आठवडे बसायचं.

फरक कळतो तो Search Console च्याच Performance मध्ये, तेवढ्या एका पानाच्या Queries, म्हणजे लोकांनी सर्चमध्ये काय टाकल्यावर ते पान दिसलं, ते बघितलं की. आधी तिथे नुसता मॉडेल नंबर होता, आणि त्यावर आमची जागा कुणीच जात नाही इतक्या मागच्या पानावर. आता हळूहळू बोर्डोचा बॅटरी पंप, पंपाची बॅटरी लवकर का उतरते, असले प्रश्न दिसायला लागले, आणि त्यांवर आम्ही पहिल्या पानाच्या तळाशी का होईना, दिसतो. मॉडेल नंबर टाकला तर अजूनही मोठीच दुकानं वर. ते बदलेल असं मला वाटत नाही. नंबर माहीत असलेल्या माणसाला वाचायचं नसतंच, त्याला 60 रुपये वाचवायचे असतात. आणि ज्या ऑनलाइन बाजारपेठांत सगळ्या विक्रेत्यांना मिळून वस्तूचं एकच पान असतं, तिथे हा खटाटोप फुकट. तिथे कितीही लिहा, भाव आणि पोचवण्याचा दिवसच बोलतो.

शीटमध्ये असल्या आणखी दीडशे वस्तू आहेत. सगळ्या काही होणार नाहीत. ज्यांच्याबद्दल काउंटरवर प्रश्न येतात तेवढ्याच घेणार. ताडपत्री राहू दे विश्वासू साथीदार.

काल कंपनीच्या प्रतिनिधीचा फोन आला. मला वाटलं, काना-मात्रा बदलली म्हणून झापणार. उलट आवाज गोड. "साहेब, तुमचं पंपाचं पान बघितलं. बोर्डो, बॅटरी, फार छान. तेवढं शीटमध्ये टाकून पाठवता का? सगळ्या डीलरांना देऊन टाकतो. सगळीकडं सारखं राहील."

म्हटलं, पाठवतो की. आणि त्यांचीच जुनी शीट, फाईलचं नाव बदलून, त्यांना परत पाठवली.

संध्याकाळी अंगठ्यासह मेसेज आला: 'मस्त लिहिलंय सर, हेड ऑफिसला फॉरवर्ड केलंय.'