बी. के. स्वेन्स्का नावाचा माणूस कधी जन्मलाच नाही

गेल्या आठवड्यात एम.टेक.चा एक थिसिस तपासला. एक्स्टर्नल म्हणून. विद्यापीठ सांगत नाही, मुलीचं नाव अर्थातच नाही, आणि ओळख लागू नये म्हणून आकडेही थोडे बदलून लिहितोय.

विषय पिण्याच्या पाण्यातलं फ्लोराइड काढण्याचा. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरच्या पाण्यात ते जास्त सापडतं. आपल्या मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. हिने कोकणातला जांभा दगड दळून, आम्लाची प्रक्रिया करून, त्यावर फ्लोराइड किती चिकटतं ते मोजलं. काम फार नेटकं. प्रत्येक प्रयोग तीनदा केलेला. फ्लोराइड इलेक्ट्रोडने मोजलेलं, तेही बफर घालून, म्हणजे पाण्यातल्या ॲल्युमिनियमने गोंधळ घालू नये. शेवटी डिस्टिल्ड वॉटरवर न थांबता खऱ्या बोअरचं पाणी आणून पाहिलं, त्यात बायकार्बोनेटमुळे क्षमता घसरली, आणि ते तिने लपवलं नाही. हा परिच्छेद वाचला तेव्हाच मी मनात ‘पास’ म्हणून टाकलं.

मग प्रकरण दोन उघडलं, साहित्याचा आढावा.

चौतीस पानं. ‘अमुक यांनी २००९ मध्ये अमुक पदार्थ वापरला व ९२ टक्के फ्लोराइड काढले. तमुक यांनी २०१३ मध्ये…’ किराण्याच्या यादीसारखं एकाखाली एक. कुणाचं कुणाशी जुळतं, कुणाचं कुणाशी भांडण आहे, काही नाही. हे आपल्याकडे इतकं सर्रास चालतं की नुसतं त्यासाठी मी कुणाला अडवत नाही.

पण संदर्भसूचीत ते दिसलंच. ‘लागरग्रेन एस., स्वेन्स्का बी. के., १८९८.’ अधिशोषणाच्या, म्हणजे पदार्थाच्या पृष्ठभागावर चिकटण्याच्या, वेगाचं समीकरण वापरणारा जो तो या १८९८ च्या निबंधाचा हवाला देतो. निबंध जर्मन भाषेत, स्वीडनच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेला, आणि लेखक एकच. ‘स्वेन्स्का’ म्हणजे ‘स्वीडिश’. नियतकालिकाच्या नावातला शब्द कुणाच्या तरी हातून लेखकाच्या जागी घसरला आणि तिथून पुढे एकमेकांच्या सूच्या उतरवत हे सद्गृहस्थ सहलेखक होऊन बसले. हा संदर्भ किती चुकीच्या रूपांत फिरतोय यावर २००४ मध्ये एक अख्खा शोधनिबंध निघालाय. म्हणजे मुलीने मूळ निबंध पाहिलेला नाही, हे कळायला मला सॉफ्टवेअर लागलं नाही. चूकच सांगते की ती कुठून आली.

डिपार्टमेंटमधल्या मित्राला दाखवलं. तो म्हणाला, “अरे, ‘लिटरेचर रिव्ह्यू अधिक सखोल हवा’ एवढं लिही आणि पाठव. सगळे तेच लिहितात.”

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे. ते वाचून मुलगी काय करणार? आणखी वीस निबंध गोळा करून आणखी सहा पानं वाढवणार. गाईड सही करणार. प्रकरण होतं तसंच राहणार, फक्त जाड होणार. ज्या शेऱ्यावर विद्यार्थ्याला काय करायचं ते कळत नाही आणि केलं की नाही ते गाईडला तपासता येत नाही, तो शेरा मी करेक्शन धरतच नाही.

आणि खरी गडबड सूचीत नव्हतीच, ती तक्ता २.६ मध्ये होती. ‘विविध पदार्थांच्या क्षमतांची तुलना.’ अशा प्रत्येक थिसिसमध्ये हा तक्ता असतो: डावीकडे पदार्थ, उजवीकडे एका ग्रॅमला जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम फ्लोराइड धरलं तो लँगम्यूर समीकरणातून काढलेला आकडा. एका पदार्थासमोर ८ होते, हिच्या जांभ्यासमोर २. खाली बिचारीने लिहिलं होतं, ‘क्षमता तुलनेने कमी असली तरी पदार्थ स्वस्त आहे.’

मी त्या ८ वाल्याचा मूळ निबंध काढला. त्यांनी लिटरला १० ते १०० मिलिग्रॅम फ्लोराइड घालून प्रयोग केलेले, सामू ५ वर. असलं पाणी कुठल्या बोअरला येतं? तो ८ आकडा म्हणजे फ्लोराइडचा पूर आला तर पदार्थ कुठवर भरेल याचा अंदाज. आपल्याला हवंय ते वेगळंच: पाण्यात १ मिलिग्रॅमच उरलं असताना पदार्थ किती धरून ठेवतो? त्यासाठी लँगम्यूर समीकरणातला दुसरा स्थिरांक लागतो, पदार्थाला फ्लोराइडची ओढ किती ते सांगणारा, आणि तक्त्यात तो रकानाच नव्हता.

त्यांचा स्थिरांक ०.०५, हिचा १.२. हिशेब पाच मिनिटांचा. १ मिलिग्रॅमला त्यांचा पदार्थ ग्रॅममागे सुमारे ०.३८ मिलिग्रॅम धरतो, हिचा जांभा १.०९. म्हणजे ३ मिलिग्रॅमचं पाणी १ वर आणायला दहा लिटरच्या बादलीला हिचा जांभा १८ ग्रॅम लागेल, त्यांचा पदार्थ ५२ ग्रॅम. सामू आणि पाणी दोन्हीकडे वेगळं असल्यामुळे ही तुलनाही ढोबळच, पण दिशा स्पष्ट आहे. पोरीने स्वतःच्याच चांगल्या कामाबद्दल माफी मागून ठेवली होती!

आता प्रश्न येतो करेक्शन्स मायनर की मेजर. माझी कसोटी साधी आहे. कच्चं प्रकरण उपटून बाजूला ठेवायचं आणि बघायचं, निष्कर्ष उभे राहतात का? इथे राहत होते. मोजमापं तिची स्वतःची, आलेख तिचे, आणि आढाव्यातला एकही उसना आकडा तिच्या गणितात शिरलेला नव्हता. उलट तिने साहित्यातला स्थिरांक उचलून त्यावर फिल्टरचा आकार ठरवला असता, तर मी थिसिस परत पाठवला असता, प्रयोग कितीही सुंदर असोत.

एक वाक्य मात्र तसंच सोडता येत नव्हतं. ‘प्रक्रिया केलेल्या जांभ्याचा फ्लोराइडसाठी आजवर अभ्यास झालेला नाही.’ झालाय, आपल्याच देशात झालाय. तिचं नवेपण जांभ्यात नाही, बायकार्बोनेट असलेल्या खऱ्या पाण्यावर तो तपासण्यात आहे.

तेव्हा ‘मायनर करेक्शन्स’वर खूण केली आणि जोडपत्रात सक्तीच्या फक्त चार गोष्टी लिहिल्या, पान नंबरासकट. तक्ता २.६ मध्ये प्रत्येक ओळीला सामू, सुरुवातीची तीव्रता आणि दुसरा स्थिरांक घालावा, १ मिलिग्रॅमची क्षमता काढून क्रम पुन्हा लावावा. ‘आजवर अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य काढून नेमकं काय नवीन ते लिहावं. मूळ न वाचलेले जुने संदर्भ ज्या निबंधातून घेतले त्याच्या नावाने द्यावेत. चौथं, प्रकरण पाचमधली चर्चा नव्या तक्त्याशी जुळवून घ्यावी, माफीचं वाक्य गाळून. किराणा यादीबद्दलचं माझं मत ‘सूचना, ऐच्छिक’ या मथळ्याखाली तीन ओळींत. ते सक्तीत घातलं असतं तर तिने सहा महिने प्रकरण दोनच लिहीत बसायचं, आणि दोष तिच्या एकटीचा नाही. तिला कुणी तसं वाचायला शिकवलेलंच नाही.

मित्राने जोडपत्र वाचलं. म्हणाला, “दीड पान? मायनरला?”

म्हटलं, तिला दोन संध्याकाळी लागतील. मला तीन लागल्या.