अंगठा खाली केला म्हणून एआय काही शिकत नाही

"काल त्याची चूक सुधारून दिली, खालचा अंगठाही दाबला, आज परत तेच उत्तर!" आपल्या द्राक्षपट्ट्यात एआयला प्रश्न विचारणाऱ्यांची ही तक्रार हल्ली सारखी कानावर येते. तक्रार खरी आहे, पण तिच्यामागचा समज चुकीचा आहे आणि तो बागेला महागात पडू शकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

समजा निफाडच्या एका बागायतदाराने विचारलं, "छाटणीला ४५ दिवस झाले, पाणी कमी करू का?" उत्तर येतं ते वर्षातून एकदाच, थंडीत होणारी छाटणी गृहीत धरून. द्राक्षावरचं जगातलं बरंचसं लिखाण थंड देशांतलं, त्यामुळे मॉडेलचा कल तिकडेच. बागायतदार सांगतो, "अरे, आमच्याकडे एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी. मी खरड छाटणीचं विचारतोय." लगेच माफी येते आणि उत्तर बदलतं: हा सूक्ष्म घडनिर्मितीचा काळ, पाणी आणि नत्र आवरतं घ्या. आता वाटतं, शिकला एकदाचा.

तो शिकलेला नसतो. तुम्ही प्रत्येक वेळी नवा मेसेज पाठवता तेव्हा त्या चॅटमधला आधीचा मजकूरही त्याच्यासोबत मॉडेलकडे जातो. तुमची दुरुस्ती त्या मजकुरात आहे, म्हणून पुढचं उत्तर तिला धरून येतं. मॉडेलच्या आतले अब्जावधी आकडे, ज्यांच्यात त्याचं सगळं 'ज्ञान' असतं, ते तुमच्याशी बोलताना एकानेही बदलत नाहीत. नवं चॅट उघडलं की कागद कोरा.

माफीवर तर अजिबात जाऊ नका. मुद्दाम उलटी दुरुस्ती करून बघा: "नाही, खरड छाटणी ऑक्टोबरलाच असते." पुष्कळदा तो तेही मान्य करेल.

मग अंगठा कुठे जातो? तो प्रश्न, ते उत्तर आणि तुमची नापसंती यांची एक नोंद कंपनीकडे साठते. पुढे ती चाळली जाते, हजारो नोंदींत मिसळते आणि वापरली गेलीच, तर नंतरच्या एखाद्या आवृत्तीच्या प्रशिक्षणात. शिवाय नुसत्या अंगठ्यातून काय चुकलं हे कळत नाही: छाटणी चुकली, भाषा खटकली की उत्तर लांबलं? म्हणून अंगठ्यानंतर कारणाचा रकाना आला तर एक ओळ जरूर लिहा. फायदा झाला तर पुढे कधीतरी सगळ्यांना होईल, उद्या सकाळी तुम्हाला नाही.

लगेच शिकवायला काय हरकत आहे, असं वाटेल. पण मॉडेल सगळ्यांचं एकच आहे. तुमची दुरुस्ती थेट आत गेली तर फ्रान्समधल्या बागायतदाराचीही जाईल, आणि मुद्दाम खोटं सांगणाऱ्याचीही. नीट गोळा केलेली पसंती-नापसंतीसुद्धा घात करू शकते. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जीपीटी-४ओ या मॉडेलच्या एका सुधारणेत वापरकर्त्यांच्या अंगठ्यांना जास्तीचं स्थान दिलं. मॉडेल अति हांजी-हांजी करू लागलं आणि काही दिवसांतच ती सुधारणा मागे घ्यावी लागली. अंगठ्यांमुळे लोकांना आवडेल ते बोलण्याकडे कल वाढू शकतो, हे कंपनीनेच नंतर लिहिलं. माझ्या मते अंगठा थेट मॉडेलला जोडलेला नाही हे बरंच आहे.

तुमची दुरुस्ती टिकवायची असेल तर ती दरवेळी मॉडेलसमोर जाईल अशा जागी ठेवा. सेटिंगमध्ये कायमच्या सूचनांचा रकाना असतो, तिथे असं लिहा:

"माझी द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे. इथे वर्षातून दोन छाटण्या होतात: एप्रिलमध्ये खरड, ऑक्टोबरमध्ये गोडी. मी छाटणीनंतरचे दिवस सांगितले आणि छाटणी कोणती ते सांगितलं नाही, तर उत्तर देण्याआधी विचार."

यानेही मॉडेल बदलत नाही. हा मजकूर फक्त प्रत्येक नव्या चॅटच्या आधी जोडला जातो. 'मेमरी' नावाची सोयही बहुतांशी तशीच: तुमच्याबद्दलच्या टिपा साठवायच्या आणि पुढच्या चॅटला जोडायच्या. तिच्यात एक खोट मात्र आहे. "छाटणीला ४५ दिवस झाले" हे वाक्य कायमची माहिती म्हणून साठलं, तर ऑक्टोबरनंतरच्या प्रश्नातही ते लुडबुडेल. गोडी छाटणीनंतर ४५ दिवसांच्या आसपास बाग फुलोऱ्यात किंवा मणी धरण्याच्या बेतात असते, तिथे खरड छाटणीचा पाण्याचा सल्ला घातक. साठवलेल्या टिपांची यादी सेटिंगमध्ये दिसते. प्रत्येक छाटणीच्या आधी ती उघडा आणि दिवसांशी बांधलेली प्रत्येक ओळ काढून टाका.

सूचना लागू झाली का, हे तपासायला नवं चॅट उघडून तोच प्रश्न छाटणीचं नाव न घेता तीन-चारदा विचारा, दरवेळी वेगळ्या चॅटमध्ये. एकदा बरोबर आलं म्हणून थांबू नका, कारण त्याच प्रश्नाला दरवेळी थोडं वेगळं उत्तर येतं आणि एखादं योगायोगाने जुळतं. प्रत्येक वेळी "कोणती छाटणी?" असं त्याने उलट विचारलं, तर सूचना पोचली.