दार उतरतंय ते बिजागरी लहान म्हणून नव्हे

“जड लाकडी दार खाली बसून फरशीला घासतंय? चार इंची बिजागऱ्या काढून सहा इंची लावा, दाराच्या बरोबर मधोमध एक जादा ठोका. भोकं सैल झाली असतील तर काडेपेटीच्या काड्या भरा आणि तीन इंची स्क्रू मारा. दार जन्मात हलणार नाही.” (मोबाइलवर फिरणारा सल्ला)

सोलापुरात सुतारकाम करताना हा सल्ला वाचून केलेली कामं मला पुन्हा उघडावी लागतात. त्यातलं एक दार सविस्तर सांगतो. साखर पेठेतला जुना वाडा उतरवला तेव्हा निघालेलं, एकाच झडपेचं सागवानी दार मालकांनी जुळे सोलापुरातल्या नव्या घराला लावलं. 7 फूट उंच, साडेतीन फूट रुंद, पावणेदोन इंच जाड. सागवानाच्या हिशोबानं वजन 65 किलोच्या आसपास, आणि कड्या-कोयंडे धरून 70. वाड्यात या दाराला बिजागरी नव्हतीच. कोपऱ्यातले खुंट चौकटीच्या खळग्यात फिरायचे आणि सगळं ओझं खालच्या दगडावर टेकलेलं असायचं. नव्या घरात तेच ओझं प्रथमच एका बाजूनं टांगलं गेलं. चार महिन्यांत दार दोनदा उतरलं.

आधी मधल्या बिजागरीचं बघू, कारण सगळा घोटाळा तिथं समजतो. दाराचं वजन त्याच्या मध्यावर असतं, म्हणजे इथं बिजागरीपासून पावणेदोन फूट लांब. त्यामुळे दार नुसतं खाली ओढत नाही, तर कलतंही. वरची बिजागरी चौकटीपासून बाहेर खेचली जाते आणि खालची आत दाबली जाते. ही खेच किती, ते वरच्या आणि खालच्या बिजागरीतल्या अंतरावर ठरतं. या घरी दोन्ही बिजागऱ्या कडेपासून दीड-दीड फूट आत होत्या, म्हणजे मधलं अंतर 4 फूट. हिशोब सोपा आहे: 70 किलो गुणिले पावणेदोन, भागिले 4. वरच्या बिजागरीवर सुमारे 31 किलोची खेच. तीच बिजागरी वरून 8 इंचांवर आणि खालची तळापासून 10 इंचांवर नेली की अंतर साडेपाच फूट होतं आणि खेच 22 किलोवर येते. नवीन बिजागरी न घेता पाव भागाहून थोडा जास्त ताण गेला.

मधोमध ठोकलेली तिसरी बिजागरी या खेचीत जवळजवळ काहीच वाटा उचलत नाही, कारण दार ज्या मध्याभोवती कलतं तिथंच ती बसते. दाराला बाक येऊ नये म्हणून ती कामाची आहे, वजनही थोडं वाटून घेते. पण दार कलत असेल तर तिसरी बिजागरी वरच्या बिजागरीखाली 10 इंचांवर लावायची, म्हणजे ती ओढ वाटून घेते. एकच पथ्य पाळायचं: तिन्ही बिजागऱ्यांच्या पिनीच्या नळ्या एका ओळंब्यात हव्यात. एक जरी रेषेबाहेर गेली, तरी दार फिरताना प्रत्येक वेळी स्क्रू उपटत राहतं.

आता आकाराचं. सहा इंच ही फक्त उंची झाली, आणि ताकद उंचीत कमी, पत्र्याच्या जाडीत आणि नळीत जास्त असते. या घरी लावलेल्या सहा इंची बिजागऱ्या 2 मिलिमीटर पत्र्याच्या होत्या. वळवलेली नळी उकलायला लागली होती आणि पिन आत खुळखुळत होती. मी 5 इंच उंचीच्या, 3 मिलिमीटर जाड, बेअरिंगच्या बिजागऱ्या निवडल्या. जड दारात नळीवर नळी घासून झिजते आणि झिजेल तेवढं दार खाली येतं. बेअरिंग ती झीज खूप कमी करतं. रुंदी दाराच्या जाडीवरून ठरवायची. पान दाराच्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर कमी असावं, नाहीतर स्क्रू कडेजवळ येतात आणि लाकूड चिरतं. पावणेदोन इंची दाराला 38 मिलिमीटरचं पान बरोबर बसतं. दुकानात बिजागरीवर 5×3×3 असं म्हणतात, त्यातलं मधलं माप नळीसकट उघडलेल्या दोन्ही पानांचं असतं, एका पानाचं नव्हे. तिथं फसगत होते. आम्हाला मधलं माप साडेतीन लागलं.

तीन इंची स्क्रूचा सल्ला परदेशातल्या लाकडी भिंतींच्या घरांसाठी ठीक आहे. तिथं स्क्रू चौकट ओलांडून मागच्या खांबाला धरतो. आपल्याकडे चौकटीमागे वीट आणि मसाला. अडीच इंची चौकटीत अर्ध्या इंचाचा खाचा गेला की बिजागरीमागे दोनच इंच लाकूड उरतं. तीन इंची स्क्रूचं टोक विटेवर अडतं, स्क्रू जागच्या जागी फिरतो आणि घट्ट असलेलं भोकही सैल होतं. त्या घरी दोन भोकं अशीच गेली होती. पावणेदोन इंची, 10 नंबरचा स्क्रू पुरतो. अट एवढीच की आधी 3 मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि स्क्रू शेवटपर्यंत पिळून बसवायचा. अर्धा हातोडीनं ठोकून उरलेला पिळायची जी सवय आहे, तिनं लाकडाचे तंतू फाटतात आणि पकड पहिल्याच दिवशी जाते.

काडेपेटीच्या काड्या कपाटाच्या झडपेला चालतील. इथं दाराकडच्या स्क्रूंवर दिवसरात्र सरळ बाहेरची ओढ असते, त्यात काड्यांचा चुरा होतो. मी सैल भोकाभोवतीचं लाकूड पटाशीनं चौकोनी काढलं, रेषा उभ्या येतील असा सागवानाचा तुकडा सरसानं बसवला, रात्रभर सुकू दिला आणि मग नव्यानं भोक पाडलं. गोल दांडी ठोकली तर स्क्रू तिच्या टोकाच्या रेषांत शिरतो आणि तिथं पकड कमी मिळते.

खरेदीला जाण्याआधी मात्र एक तपासणी करा. दार काटकोनात उघडा, कडीकडची बाजू हातानं उचला आणि दुसऱ्याला वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा. पान लाकडावरून सुटताना दिसलं तर स्क्रू सैल. पान स्थिर आणि नळी हलत असेल तर बिजागरी झिजली. चौकटच भिंतीपासून हलत असेल तर चौकट भिंतीत धरणारे होल्डफास्ट सुटलेत, आधी ते मसाल्यात पक्के करा. यांपैकी काहीच हललं नाही तर दाराचे दोन्ही कर्ण मापा. फरक निघाला तर दाराचेच सांधे उघडलेत, त्यावर बिजागरीचा उपाय नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात घासणारं प्रत्येक दार उतरलेलंही नसतं. फुगलेल्या दाराची कडीकडची फट वरपासून खालपर्यंत सारखी अरुंद होते. उतरलेल्या दाराची तीच फट वर आवळते आणि खाली उघडते. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड इतकं सुकतं की पावसाळ्यात रंधा मारलेल्या दाराला उन्हाळ्यात बोट जाईल एवढी फट पडते.

जुळे सोलापुरातलं दार बसवताना कडीच्या टोकाखाली पाचर देऊन ते 3 मिलिमीटर वर उचललं, स्क्रू आवळले, मगच पाचर काढली. दार 1 मिलिमीटर खाली आलं आणि थांबलं. चौकटीवर पेन्सिलीनं तिथं रेघ मारून ठेवली आहे; पाऊस संपल्यावर पाहिलं तेव्हा दाराची कड त्याच रेघेवर होती.