डावा बूट की उजवा

परदेशातल्या नातीला व्हिडिओ पाठवून चार दिवस झाले. काल तिचं उत्तर आलं, "आजोबा काय भारी बोलले!" आजोबा त्या व्हिडिओत कुठेही दिसत नाहीत. व्हिडिओ माझा आहे.

धाकट्याने बजावलं होतं, दोन मिनिटांच्या वर नको, म्हणजे फार तर अडीचशे शब्द. मी पाच गोष्टी लिहून बसले होते. त्यातल्या चार कापल्या आणि तिच्या बाबाचा शाळेचा पहिला दिवस ठेवला. "चि. नातीस अनेक आशीर्वाद" हेही खोडलं, कारण असं मी तोंडाने आयुष्यात कधी बोललेले नाही. तिथे लिहिलं, "काय गं, झोप झाली का?"

आधी खिडकीकडे पाठ करून बसले, तर व्हिडिओत नुसती काळी सावली आली. मग खिडकीसमोर बसले. कागद मांडीवर होता म्हणून नजर सारखी खाली, जणू हरवलेली सुई शोधतेय. शेवटी मोठ्या अक्षरांत लिहून कागद फोनच्या अगदी वर, कॅमेऱ्याला लागून चिकटवला. मग जमलं. जमलं असतं, खरं तर.

फोनशेजारच्या खुर्चीत हे बसले होते. पेपर वाचत, म्हणे.

मी म्हटलं, "तुझा बाबा शाळेतून पळाला आणि माझ्याआधी घरी पोचला. पायात एकच बूट, डावा."

"उजवा," पेपरामागून आवाज.

"अहो, रेकॉर्डिंग चालू आहे."

"असू दे की. पण उजवा."

"डावा होता! त्याची नाडी मी सोडली."

"नाडी मी सोडली. तू रडत होतीस."

मी रडत नव्हते. तो दारात उभा होता, हाताची मूठ घट्ट. उघडली तर त्यात दुसऱ्या बुटाची नाडी. बूट हरवला, नाडी मात्र जपून आणलेली. माझ्या गोष्टीचा जीव तो होता आणि तिथे पोचायच्या आत ह्यांनी बुटावर परिसंवाद भरवला. पन्नास वर्षं झाली, ह्या घरात माझं एक वाक्य सरळ पूर्णविरामापर्यंत गेलेलं नाही.

पुन्हा घेऊ म्हटलं, तर धाकटा म्हणाला, "राहू दे, नॅचरल वाटतंय." त्याला क्लासला जायचं होतं.

नंतर ऐकला तेव्हा कळलं. माइक फोनमध्येच असतो, त्याच्याजवळ जो बसेल त्याचा आवाज मोठा. मी पाच फुटांवर, हे वीतभर अंतरावर. मी विहिरीतून बोलतेय आणि हे आकाशवाणीवरून. "झोप झाली का?" विचारून मी उत्तरासाठी वेडीसारखी थांबले होते. त्या शांततेतसुद्धा ह्यांच्या पेपरची घडी कडाडते.

आज नातीचा दुसरा निरोप आला, "आजी, बाबा म्हणतो दोन्ही बूट पायात होते."

हे तेव्हापासून गप्प आहेत. मीही.